परकीय न्यायालयाच्या रकमेच्या हुकूमनाम्याची दरखास्त : नाशिक येथील ‘अल्कॉन’ प्रकरणाची चिकित्सा

प्रस्तावना

परदेशातील न्यायालयाने एखाद्या भारतीय कंपनीविरुद्ध रक्कम देण्याचा हुकूम केला, तरी त्या हुकुमाच्या बळावर भारतातील बँकखाते किंवा यंत्रसामग्री थेट जप्त करता येत नाही. हुकूम मिळविणाऱ्यास भारतीय न्यायालयाच्या दारी यावे लागते आणि त्या हुकुमाला येथे मान्यता मिळण्यास आवश्यक असलेल्या अटी पूर्ण झाल्या आहेत, असे दाखवावे लागते. हे दाखविण्याचे साधन म्हणजे दरखास्त. महाराष्ट्रातील दिवाणी न्यायालयांत अंमलबजावणीच्या अर्जास रूढ असलेला हा शब्द परकीय हुकूमनाम्याच्या बाबतीतही तसाच वापरला जातो.

अशी दरखास्त वरवर पाहता एक कोष्टकवजा कागद वाटते. दाव्याचा क्रमांक, पक्षकारांची नावे, हुकूमनाम्याची तारीख, येणे रक्कम, व्याज, खर्च आणि जप्तीची मागणी एवढेच तिच्यात असते, असा समज आहे. देशी हुकूमनाम्याच्या बाबतीत तो फारसा चुकीचा नाही. परकीय हुकूमनाम्याच्या बाबतीत मात्र तो दरखास्तदारास महागात पडू शकतो, कारण येथे हुकूमनामा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कसोटीवर आधी तपासला जातो आणि मगच रकमेचा प्रश्न येतो.

प्रस्तुत निबंधात ‘अल्कॉन इलेक्ट्रॉनिक्स विरुद्ध सेलेम’ या प्रकरणाच्या आधारे अशा दरखास्तीचे स्वरूप तपासले आहे. या प्रकरणातील दरखास्त नाशिकच्या जिल्हा न्यायालयात दाखल झाली आणि तिच्यावरील हरकतींचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०१६ रोजी दिला. निकालाचा शेवट योग्य आहे, परंतु त्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग फार थोडक्यात आटोपला आहे, आणि त्या संक्षेपामुळे पुढील दरखास्तदारांस चुकीचा धडा मिळण्याचा संभव आहे, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे. परकीय हुकूमनाम्याची दरखास्त भारतात दाखल होत असली, तरी तिचे बळ परदेशातील न्यायालयाच्या दप्तरातच ठरून गेलेले असते.

दरखास्तीचा कायदेशीर आराखडा

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मध्ये या विषयाची तीन कलमे महत्त्वाची आहेत. कलम १३ सांगते की, परकीय न्यायनिर्णयाने ज्या बाबीचा त्याच पक्षकारांमध्ये प्रत्यक्ष निवाडा झाला असेल, त्या बाबीपुरता तो निर्णायक मानला जाईल. या नियमाला सहा अपवाद आहेत. निर्णय सक्षम न्यायालयाने दिलेला नसेल. तो गुणावगुणांवर दिलेला नसेल. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या चुकीच्या समजावर किंवा लागू असलेला भारतीय कायदा नाकारण्यावर तो आधारलेला असल्याचे कामकाजावरूनच दिसत असेल. ज्या कामकाजातून तो निघाला ते नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध असेल. तो कपटाने मिळविलेला असेल. किंवा भारतातील कायद्याच्या भंगावर आधारलेला दावा त्याने मान्य केला असेल, तर तो निर्णायक राहत नाही.

कलम १४ दरखास्तदारास एक सवलत देते. परकीय न्यायनिर्णयाची प्रमाणित प्रत हजर केली, की तो सक्षम न्यायालयाने दिला असे गृहीत धरले जाते. दप्तरावरूनच याच्या उलट दिसत असेल तर हे गृहीत धरता येत नाही, आणि अधिकारक्षेत्राचा अभाव सिद्ध करून विरुद्ध पक्षास ते खोडून काढता येते. येथे एक गोष्ट नजरेआड होता कामा नये. हे गृहीतक केवळ पहिल्या अपवादापुरते आहे. निर्णय गुणावगुणांवर झाला, असे कलम १४ गृहीत धरण्यास सांगत नाही.

तिसरे कलम ४४-अ हे १९३७ मध्ये संहितेत घालण्यात आले. केंद्र सरकारने ज्या देशाला परस्परमान्यतेचा प्रदेश म्हणून अधिसूचित केले असेल, तेथील वरिष्ठ न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत भारतातील जिल्हा न्यायालयात दाखल करता येते. त्यानंतर तो हुकूमनामा त्या जिल्हा न्यायालयानेच दिल्याप्रमाणे अंमलात आणता येतो. युनायटेड किंग्डम आणि सिंगापूर हे असे प्रदेश आहेत, आणि संयुक्त अरब अमिरातींना जानेवारी २०२० मध्ये हा दर्जा मिळाला. अमेरिकेला तो नाही. म्हणून अमेरिकी न्यायालयाचा हुकूमनामा हाती असलेल्यास त्या हुकूमनाम्यावर आधारित नवा दावा भारतात लावावा लागतो, आणि तो मुदत कायद्याच्या अनुच्छेद १०१ नुसार निर्णयाच्या तारखेपासून तीन वर्षांत लावावा लागतो.

कलम ४४-अ प्रमाणित प्रतीबरोबर आणखी एक कागद मागते. हुकूमनाम्याची किती रक्कम वसूल झाली किंवा समायोजित झाली, याविषयी त्या वरिष्ठ न्यायालयाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. वसुलीच्या मर्यादेपुरते हे प्रमाणपत्र निर्णायक पुरावा असते. मात्र हुकूमनामा कलम १३ च्या सहा अपवादांपैकी एखाद्यात बसतो असे न्यायालयाची खात्री होईल इतपत दाखविले गेले, तर जिल्हा न्यायालयाने अंमलबजावणी नाकारली पाहिजे, असेही हेच कलम सांगते. म्हणजे प्रमाणपत्र केवळ हिशेब सिद्ध करते. हुकूमनाम्याची पात्रता त्यावरून सिद्ध होत नाही. हा भेद न ओळखल्याने अनेक दरखास्ती प्रमाणपत्र जोडून निश्चिंत होतात आणि पहिल्याच हरकतीला त्यांच्याकडे उत्तर नसते.

ही हरकत येणारच, अशी तजवीज संहितेने केली आहे. देशी हुकूमनामा दोन वर्षांच्या आत अंमलबजावणीस आला, तर आदेश २१ नियम २२ खालील नोटिशीची सामान्यतः गरज नसते. कलम ४४-अ खाली दाखल झालेल्या हुकूमनाम्याच्या बाबतीत मात्र तो कितीही ताजा असला तरी विरुद्ध पक्षास कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते. त्यामुळे मान्यतेच्या अटींविषयीचा वाद दरखास्तीच्या आरंभीच उभा राहतो.

नाशिकची दरखास्त : वस्तुस्थिती

सेलेम ही फ्रान्समधील कंपनी. तिने पेटंटहक्काच्या उल्लंघनाचा दावा इंग्लंडमधील उच्च न्यायालयाच्या पेटंट न्यायालयात अल्कॉन या भारतीय कंपनीविरुद्ध लावला. अल्कॉनने त्या न्यायालयापुढे अर्ज करून त्याच्या अधिकारक्षेत्राला आव्हान दिले. २००६ मध्ये न्यायालयाने तो अर्ज फेटाळला, स्वतःचे अधिकारक्षेत्र मान्य केले आणि अर्जाच्या खर्चापोटी बारा हजार पौंडांहून काहीशी अधिक रक्कम अल्कॉनने द्यावी असा आदेश दिला. ही रक्कम न मिळाल्याने खर्चाच्या या आदेशाची दरखास्त नाशिकच्या जिल्हा न्यायाधीशांपुढे दाखल झाली.

दरखास्त चालण्याजोगी नाही, अशी हरकत अल्कॉनने घेतली. जिल्हा न्यायाधीशांनी ती फेटाळली, मुंबई उच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम ठेवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे तीन प्रश्न महत्त्वाचे ठरले. खर्चाचा आदेश हा कलम ४४-अ च्या अर्थाने ‘हुकूमनामा’ आहे काय? अधिकारक्षेत्राच्या प्राथमिक अर्जावरील आदेश ‘गुणावगुणांवर’ दिलेला म्हणता येईल काय? आणि खर्चाच्या रकमेवर इंग्लिश कायद्याने चढणारे व्याज भारतात वसूल करता येईल काय? सर्वोच्च न्यायालयाने तिन्ही प्रश्नांची उत्तरे दरखास्तदाराच्या बाजूने दिली.

पहिला प्रश्न तुलनेने सोपा आहे. संहितेच्या सर्वसाधारण व्याख्येनुसार हुकूमनामा म्हणजे दाव्यातील हक्कांचा निर्णायक निवाडा. त्या व्याख्येत प्राथमिक अर्जावरील खर्चाचा आदेश बसविणे कठीण आहे. परंतु कलम ४४-अ ने स्वतःची वेगळी व्याख्या दिली आहे. तिच्यानुसार वरिष्ठ न्यायालयाचा ज्यायोगे रक्कम देय होते असा कोणताही हुकूमनामा किंवा न्यायनिर्णय येथे हुकूमनामा ठरतो. कर वा तत्सम आकारणी आणि दंड वा शास्ती यांची रक्कम तीतून वगळली आहे, आणि लवादाचा निवाडा कोणत्याही परिस्थितीत तीत येत नाही. खर्चाची रक्कम ही जिंकलेल्या पक्षास झालेल्या व्ययाची भरपाई असते. ती शासनाच्या तिजोरीत जात नाही आणि शिक्षा म्हणूनही लादलेली नसते. म्हणून ती या वगळणुकीत येत नाही.

‘गुणावगुणांवर’ म्हणजे काय

या प्रकरणाचा गाभा दुसऱ्या प्रश्नात आहे. अल्कॉनचे म्हणणे सकृद्दर्शनी वजनदार होते. पेटंटचे उल्लंघन झाले की नाही, याची इंग्लिश न्यायालयाने या आदेशात चौकशीच केलेली नव्हती. मग तो गुणावगुणांवरील निर्णय कसा? सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रांमधील परस्पर सौजन्याच्या तत्त्वाचा आधार घेतला. अंतरिम आदेशालाही, तो कलम १३ च्या अपवादांत बसत नसेल तर, भारतीय न्यायालयांनी योग्य ते वजन दिले पाहिजे, असे म्हणून त्याने हरकत अमान्य केली.

हा युक्तिवाद पुरेसा नाही. परस्पर सौजन्य हे कलम ४४-अ च्या मागील धोरण आहे. सौजन्य किती दाखवायचे आणि कोठे थांबायचे, हे विधिमंडळाने कलम १३ मध्ये ठरवून दिले आहे. एखादा आदेश दुसऱ्या अपवादात बसतो की नाही, असा प्रश्न असताना सौजन्याकडे बोट दाखविणे म्हणजे प्रश्नाच्या उत्तराऐवजी प्रश्नाची पार्श्वभूमी सांगणे होय.

अधिक समाधानकारक उत्तर कलम १३ च्या शब्दांतच सापडते. परकीय निर्णय निर्णायक असतो तो ‘प्रत्यक्ष निवाडा झालेल्या बाबीपुरता’. तेव्हा गुणावगुणांचा प्रश्नही त्या बाबीच्याच संदर्भात विचारला पाहिजे. अल्कॉनच्या अर्जातील बाब होती अधिकारक्षेत्राची. त्या बाबीवर दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकले गेले, न्यायालयाने कारणे देऊन निर्णय केला आणि हरलेल्या अर्जदारावर त्या अर्जाचाच खर्च बसविला. खर्च हा त्या वादाचा परिणाम असून तो वाद गुणावगुणांवर निकालात निघाला होता. पेटंटच्या उल्लंघनाविषयी या आदेशाने काहीच ठरविले नाही, हे खरे. पण दरखास्तीतही त्याविषयी काही मागितलेले नव्हते. असा उलगडा केला असता, तर निकालाची व्याप्तीही स्पष्ट झाली असती. तो कोणत्याही अंतरिम आदेशाला सरसकट लागू होत नाही. ज्या आदेशात एखाद्या वादाचा सकारण निवाडा होऊन त्यातून रक्कम देय झाली, त्यालाच तो लागू होतो.

याच शब्दांचा विचार सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ‘इंटरनॅशनल वूलन मिल्स विरुद्ध स्टँडर्ड वूल (यूके)’ या प्रकरणात अधिक बारकाईने केला होता. तेथे इंग्लिश न्यायालयाने भारतीय प्रतिवादी गैरहजर राहिल्याने एकतर्फी हुकूमनामा दिला होता. न्यायालयाने दाव्याचा पुरावा पाहिला, कागदपत्रे तपासली, असे त्या हुकुमावरून दिसत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने तो गुणावगुणांवर नसल्याचे ठरवून अंमलबजावणी नाकारली. एकतर्फी हुकूमनामा नेहमीच निष्फळ असतो, असे त्या निर्णयाने म्हटलेले नाही. वादीने पुरावा दिला असेल आणि न्यायालयाने तो कितीही थोडक्यात का होईना तपासला असेल, तर एकतर्फी निर्णयही गुणावगुणांवरील ठरू शकतो. प्रतिवादी आला नाही एवढ्याच कारणाने, जणू शिक्षा म्हणून हुकूम झाला असेल, तर तो टिकत नाही. निर्णय गुणावगुणांवर नाही हे सिद्ध करण्याचा भार हरकत घेणाऱ्यावर आहे, हेही तेथे मान्य झाले. परंतु हुकूमनाम्याचा मजकूर स्वतःच मुका असेल, तर तो भार फार जड राहत नाही.

ही दोन प्रकरणे शेजारी ठेवली, की एक विसंगती समोर येते. परदेशातील न्यायालयात हजर होऊन आपली हरकत मांडणारा अल्कॉन खर्चाच्या आदेशाने बांधला गेला, आणि गैरहजर राहिलेला प्रतिवादी सुटला. परदेशी दाव्याची नोटीस आली असता ती बाजूला ठेवणे शहाणपणाचे, असा निष्कर्ष एखादा व्यापारी यावरून काढील. तो निष्कर्ष धोक्याचा आहे, कारण वादीने परदेशात पुरावा नोंदवून सकारण निर्णय घेतला, तर गैरहजर प्रतिवादीकडे बचाव मांडण्याची संधीही राहत नाही आणि दुसऱ्या अपवादाचे कवचही राहत नाही. तरीही कायद्याची आजची रचना गैरहजेरीला काही प्रमाणात उत्तेजन देते, हे नाकारता येत नाही.

या विसंगतीची दुसरी बाजू दरखास्तदाराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. इंग्लिश नियमांनुसार प्रतिवादी उत्तर न देता गप्प राहिला, तर वादीस पुराव्याशिवाय झटपट निर्णय मिळविता येतो. स्थानिक मालमत्तेविरुद्ध तो पुरेसा असतो. पण प्रतिवादीची मालमत्ता नाशिक, पुणे किंवा लुधियाना येथे असेल, तर हा झटपट निर्णय हाती घेऊन येणारा वादी भारतात रिकाम्या हाताने परतण्याची शक्यता मोठी. अशा वेळी तेथील न्यायालयाला विनंती करून शपथपत्रे, करार आणि हिशेब दप्तरात आणणे व त्यांचा उल्लेख असलेला सकारण निर्णय मागणे हे काही महिन्यांचे जादा काम असते. ते काम मागाहून भारतात करता येत नाही, कारण जिल्हा न्यायालयास परकीय न्यायालयाच्या वतीने कारणे लिहिता येत नाहीत.

अधिकारक्षेत्र : हजेरी आणि शरणागती

अल्कॉन प्रकरणात आणखी एक प्रश्न दडलेला होता. अधिकारक्षेत्र नाकारण्यासाठीच जो न्यायालयात गेला, त्याने त्या न्यायालयाचे अधिकारक्षेत्र स्वीकारले असे म्हणता येईल काय? वैयक्तिक दाव्यात प्रतिवादी त्या प्रदेशात राहत नसेल आणि त्याने न्यायालयाच्या अधिकारास मान्यता दिली नसेल, तर तेथील हुकूमनामा दुसऱ्या देशात बंधनकारक नसतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १८९४ मध्ये ‘गुरुदयाल सिंग विरुद्ध फरिदकोटचे राजे’ या प्रकरणात सांगितले होते. फरिदकोट संस्थानाची नोकरी सोडून गेलेल्या खजिनदाराविरुद्ध संस्थानच्या न्यायालयाने मागाहून दिलेले एकतर्फी हुकूमनामे तेथे अमान्य झाले. उलटपक्षी, स्वेच्छेने हजर होऊन दावा लढविणारा प्रतिवादी निकाल विरुद्ध गेल्यावर अधिकारक्षेत्राची तक्रार करू शकत नाही, हेही प्रस्थापित आहे.

अल्कॉन या दोहोंच्या मध्ये उभी होती. तिने मूळ दावा लढविला नव्हता. केवळ अधिकारक्षेत्राला आव्हान दिले होते. इंग्लंडच्या नियमांतही दाव्याची पोच देऊन अधिकारक्षेत्राला आव्हान देणाऱ्याचा तो हक्क नष्ट होत नाही. त्यामुळे या अर्जामुळे पेटंटच्या संपूर्ण दाव्यासाठी तिने शरणागती पत्करली, असे म्हणणे योग्य होणार नाही. परंतु दरखास्त फक्त त्या अर्जाच्या खर्चाची होती. ज्याने स्वतः न्यायालयाकडे एक निर्णय मागितला, त्याला त्या निर्णयाचा खर्च ठरविण्याचा अधिकार त्या न्यायालयास नव्हता असे म्हणता येणार नाही. खर्चाच्या आदेशापुरते अधिकारक्षेत्र या अर्जातूनच निर्माण होते. पुढे उल्लंघनाच्या नुकसानभरपाईचा हुकूमनामा आला असता, तर मात्र हा प्रश्न नव्याने आणि अधिक कठोरपणे विचारावा लागला असता.

खर्चावरील व्याज

तिसरा प्रश्न रकमेच्या दृष्टीने लहान नव्हता. इंग्लंडमधील १८३८ च्या न्यायनिर्णय कायद्यानुसार न्यायनिर्णयाच्या रकमेवर द.सा.द.शे. ८ दराने सरळ व्याज चढते. समजा खर्चाची रक्कम १२,००० पौंड धरली, तर वर्षाचे व्याज ९६० पौंड होते. दहा वर्षांत ते ९,६०० पौंड होऊन येणे २१,६०० पौंडांवर जाते. अंमलबजावणीचा वाद जितका लांबेल, तितके व्याज मुद्दलाच्या जवळ येते.

याविरुद्ध भारतीय कायद्याकडे बोट दाखविता येते. संहितेच्या कलम ३५ मध्ये खर्चावर व्याज देण्याची जी तरतूद होती, ती १९५६ च्या दुरुस्तीने वगळण्यात आली. मग भारतात न मिळणारे व्याज परकीय आदेशाच्या मार्गाने कसे वसूल व्हावे? सर्वोच्च न्यायालयाने इंग्लिश कायद्याप्रमाणे देय असलेले व्याज वसूल करण्यास अडसर नाही असे ठरविले, आणि ते बरोबर आहे. तिसरा अपवाद भारतीय कायदा लागू असताना तो नाकारण्याविषयी आहे. इंग्लिश न्यायालयातील अर्जाच्या खर्चाला भारतीय संहिता लागू नव्हती, त्यामुळे ती नाकारण्याचा प्रश्नच येत नाही. सहावा अपवाद भारतीय कायद्याच्या भंगावर आधारलेल्या दाव्याचा आहे. एखादी तरतूद संहितेतून वगळली जाणे आणि ती गोष्ट निषिद्ध होणे यांत फरक आहे. भारतीय न्यायालय जे देत नाही ते सर्व बेकायदेशीर, असे मानले तर परकीय हुकूमनाम्याला मान्यता देण्याचा अर्थच उरणार नाही.

दरखास्तीची मांडणी

वरील चिकित्सेतून अशा दरखास्तीची मांडणी कशी असावी, हे दिसून येते. आदेश २१ नियम ११ चे कोष्टक अनिवार्य आहे, पण ते शेवटी यावे. त्याआधी निवाड्याचा इतिहास असावा. परकीय न्यायालय अधिसूचित वरिष्ठ न्यायालय आहे, हे अधिसूचनेसह सांगावे. देश अधिसूचित असला तरी तेथील प्रत्येक न्यायालय अधिसूचित नसते, आणि खालच्या न्यायालयाचा हुकूमनामा या कलमाखाली दाखल होत नाही. त्यानंतर नेमक्या कोणत्या बाबीचा निवाडा झाला, हे एका वाक्यात स्पष्ट करावे. नाशिकच्या प्रकरणासारख्या दरखास्तीत ते वाक्य ‘अधिकारक्षेत्राच्या अर्जाचा निवाडा व त्याचा खर्च’ असे असायला हवे. ‘पेटंटच्या दाव्यातील निर्णय’ असे लिहिल्यास विरुद्ध पक्षास आयतीच हरकत मिळते.

मग सहा अपवादांचे उत्तर द्यावे, पण सहाही अपवाद सारख्या विस्ताराने घेऊ नयेत. कपट आणि भारतीय कायद्याचा भंग यांविषयी दप्तरात काही नसेल, तर एकेक वाक्य पुरते. नैसर्गिक न्यायासाठी नोटीस कशी व केव्हा बजावली आणि उत्तराला किती अवधी मिळाला, हे बजावणीच्या पुराव्यासह सांगावे. सर्वाधिक जागा दुसऱ्या अपवादाला द्यावी. न्यायालयाने कोणता पुरावा पाहिला आणि निर्णयाच्या कोणत्या परिच्छेदात त्याची कारणे आहेत, याचा निर्देश करावा. हा परिच्छेद लिहिताना ज्या वकिलास परकीय निर्णयातून उद्धृत करण्याजोगे एकही वाक्य सापडत नाही, त्याने अशिलास सावध केले पाहिजे; दोष दरखास्तीच्या मसुद्यात नसून हुकूमनाम्यात आहे.

मुदतीची चर्चा याच मांडणीचा भाग आहे. ‘बँक ऑफ बडोदा विरुद्ध कोटक महिंद्रा बँक’ या प्रकरणात लंडनच्या न्यायालयाचा फेब्रुवारी १९९५ चा हुकूमनामा २००९ मध्ये बंगळुरू येथे अंमलबजावणीस आणला गेला होता. भारतातील हुकूमनाम्यास असलेली बारा वर्षांची मुदत दरखास्त दाखल झाल्यापासून मोजावी, असा युक्तिवाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये तो अमान्य केला. हुकूमनामा जेथे झाला त्या देशाचा मुदतीचा कायदा लागू होतो, आणि इंग्लंडमध्ये ती मुदत सहा वर्षांची असल्याने दरखास्त मुदतबाह्य ठरली. तेथील अंमलबजावणी करूनही रक्कम अपुरी राहिली असेल, तर ते कामकाज संपल्यापासून तीन वर्षांची मुदत मिळू शकते. म्हणून दरखास्तीत परकीय मुदत कायदा आणि तेथे वसुलीसाठी केलेले प्रयत्न, दोन्ही तारखांसह नमूद करणे आवश्यक ठरते.

समारोप

अल्कॉन प्रकरणाने खर्चाच्या आदेशाला आणि त्यावरील व्याजाला भारतात अंमलबजावणीचा मार्ग मोकळा करून दिला, हे त्याचे योगदान आहे. मात्र ‘गुणावगुणांवर’ या शब्दांचा उलगडा करण्याऐवजी सौजन्यावर भर दिल्याने, कोणताही परकीय आदेश आणला की काम भागते, असा समज त्यातून पसरू शकतो. २००१ चा वूलन मिल्सचा निर्णय त्या समजाला अजूनही आडवा उभा आहे. दोन्ही निर्णय एकत्र वाचले, तर त्यांत विरोध नाही. एकात न्यायालयाने वाद ऐकून कारणे दिली होती, दुसऱ्यात वाद ऐकल्याची खूणच नव्हती. जिल्हा न्यायालयापुढील दरखास्तीचे काम ती खूण दाखविण्याचे आहे; परकीय दप्तरात ती उमटलेली नसेल, तर कितीही कुशल मसुदा ती निर्माण करू शकत नाही.